अनोळखी क्लायंटला पहिला मेल: मसाल्याच्या डब्याचं एक उदाहरण, अगदी सुरुवातीपासून

मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करते, मीरा रोडला तळमजल्यावर छोटासा स्टुडिओ आहे, काम बहुतेक किचनच्या वस्तूंचं म्हणजे भांडी, डबे, बरण्या, कुकर असं. माझे निम्मे क्लायंट ओळखीतून आलेत आणि उरलेले निम्मे सरळ मेल लिहून. नुकतंच काम सुरू केलेली दोन-तीन मुलं-मुली मला हेच विचारतात की ताई, ओळख नसताना मेल टाकायचा तर त्यात लिहायचं काय, आम्ही इतके पाठवले एकाचंही उत्तर नाही. म्हणून इथे एकच मेल घेते, भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याला लिहिलेला, आणि तो कसा तयार झाला ते सांगते. तुमचं काम अकाउंटिंगचं असो, वेबसाईटचं असो, भाषांतराचं असो, पद्धत तीच लागू होते, फक्त तुम्ही बघायची जागा बदलते.

आधी मी काय चुकीचं केलं होतं ते सांगते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. कुठूनतरी 80 कंपन्यांचे मेल आयडी गोळा केले, एकच मजकूर लिहिला, "आम्ही उत्तम दर्जाची प्रॉडक्ट फोटोग्राफी किफायतशीर दरात करतो, आपल्यासोबत काम करायला आवडेल, कृपया कॉलसाठी वेळ द्या", सोबत 12 एमबीची पीडीएफ जोडली आणि सगळ्यांना बीसीसीमध्ये टाकून एका संध्याकाळी पाठवून दिलं. पंधरा-वीस परत आले कारण आयडीच बंद होते, बाकीचे कुठे गेले कळलं नाही, उत्तर शून्य. तो मजकूर आज वाचला की लगेच दिसतं, त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं जे दुसऱ्या कुठल्या फोटोग्राफरने दुसऱ्या कुठल्या कंपनीला लिहिलं नसतं. समोरच्याला अशी दहा पत्रं रोज येतात, तो ती वाचत नाही, ओळखतो आणि पुढे जातो.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. मेलमध्ये निदान एक वाक्य असं पाहिजे जे फक्त त्याच कंपनीला लिहिता येईल, कंपनीचं नाव बदललं तर ते वाक्य खोटं ठरेल. ते वाक्य सापडेपर्यंत मी लिहायला बसतच नाही.

ते वाक्य सापडतं कुठे

वेबसाईटवर सापडत नाही शक्यतो. "तुमची वेबसाईट पाहिली, खूप आवडली" हे तर कोणीही लिहितं, आणि तुम्ही न बघताच लिहिलंय हे समोरच्याला माहीत असतं. त्यांचं गिऱ्हाईक जिथे बोलतं तिथे जायचं. माझ्या कामात ती जागा म्हणजे ऑनलाईन लिस्टिंगखालचे रिव्ह्यू, आणि त्यातलेही दोन आणि तीन स्टारवाले. पाच स्टारमध्ये "मस्त आहे" एवढंच असतं, एक स्टारमध्ये बऱ्याचदा कुरिअरवरचा राग असतो, पण दोन-तीन स्टारवाला माणूस नीट सांगतो की वस्तू बरी आहे पण अमुक पटलं नाही.

भाईंदरच्या या कारखान्याचा सात वाट्यांचा मसाल्याचा डबा अॅमेझॉनवर होता. आमच्या घरी आईकडे तोच डबा आहे म्हणून माझं लक्ष गेलं. रिव्ह्यू वाचायला घेतले तर तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच गोष्ट लिहिली होती, फोटोत मोठा वाटला, हातात आला तर छोटा निघाला. मग फोटो बघितले. पाच फोटो होते आणि पाचही फोटोंत डबा एकटाच, शेजारी हात नाही, चमचा नाही, मापाची रेघ नाही. माप खाली मजकुरात लिहिलेलं होतं पण मोबाईलवर तिथपर्यंत कोण जातं.

आता फोटोग्राफर म्हणून मला त्या लिस्टिंगमध्ये अजून बऱ्याच चुका दिसत होत्या. अॅमेझॉनच्या नियमाप्रमाणे मुख्य फोटोचं बॅकग्राउंड पूर्ण पांढरं लागतं आणि वस्तूने फ्रेमचा 85 टक्के भाग व्यापायला हवा, इथे बॅकग्राउंड करडं होतं आणि डबा मधे जेमतेम अर्ध्या जागेत. फोटो झूम होत नव्हता, म्हणजे तो 1000 पिक्सेलपेक्षा लहान असणार, कारण झूम चालायला लांब बाजू निदान तेवढी लागते. झाकणात ट्यूबलाईट आणि फोटो काढणाऱ्याचा हात दोन्ही दिसत होते, स्टीलचं हे नेहमीचं दुखणं आहे.

हे सगळं मी मेलमध्ये लिहिलं का? नाही. आणि नवीन माणसाची गाडी इथेच घसरते असं मला वाटतं, कारण चुका सापडल्या की आपल्याला त्या सांगायची घाई होते. पण विचार करा, तो फोटो मालकाच्या मुलाने काढला असेल, किंवा मालकाने स्वतः रात्री बसून, आणि अनोळखी बाई येऊन सात चुका मोजून दाखवते तर तो माणूस आधी दुखावणार आणि मग मेल बंद करणार. माझं मत त्याच्यासाठी महत्त्वाचं नाहीच. त्याच्या गिऱ्हाइकाचं मत महत्त्वाचं आहे. शिवाय "छोटा निघाला" म्हणणाऱ्यांपैकी काही जण डबा परत पाठवत असणार, परत आलेल्या डब्याचं कुरिअर आणि पोचा पडलेला माल हे त्याच्या खिशाला लागतं. बॅकग्राउंड करडं असण्याचा त्याला त्रास होत नाही, निदान त्याला तसं जाणवत नाही. म्हणून एकच गोष्ट निवडायची, जी त्याच्या गिऱ्हाइकाने बोलून दाखवली आहे, ज्यात त्याचे पैसे जात असण्याची शक्यता आहे आणि जी तुम्ही खरंच सुधारू शकता. तिन्ही जुळलं पाहिजे. एखादी कंपनी अशी मिळाली की जिथे काहीच जुळत नाही तर तिला मेल पाठवू नका, यादीतून काढा. दहातल्या पाच-सहा मी अशा सोडून देते.

इतर कामांतही अशा जागा आहेत. अकाउंटिंग करणारी माझी मैत्रीण कंपनीने नुकती कुठली नोकरीची जाहिरात टाकलीये ते बघते, भाषांतर करणारा एक मित्र दुकानात जाऊन पाकिटामागचा मराठी मजकूर वाचतो आणि चुकलेली ओळ फोटो काढून ठेवतो. एका कंपनीमागे साधारण अर्धा तास जातो. त्यापेक्षा जास्त द्यायची गरज नसते, पण पाच मिनिटांत हे होत नाही.

कोणाला पाठवायचं

`info@` वर पाठवलेला मेल कोण उघडतं हे आपल्या हातात नसतं, कधी रिसेप्शनवरची मुलगी, कधी कोणीच नाही. छोट्या कारखान्यात निर्णय मालक घेतो, तर मालकाचं नाव शोधायचं. इथे एक सोपी युक्ती आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. कंपनीचा जीएसटी नंबर त्यांच्या वेबसाईटच्या तळाशी, बिलावर किंवा होलसेलच्या साईटवरच्या त्यांच्या पानावर बहुतेक वेळा असतो. तो नंबर जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये टाकला, लॉगिन लागत नाही, की `Legal Name of Business` दिसतं. धंदा एकट्या मालकाच्या नावावर असेल तर तिथे मालकाचंच पूर्ण नाव येतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीचं नाव येतं, मग ही युक्ती चालत नाही.

पाकिटावरचा किंवा लिस्टिंगवरचा ग्राहक तक्रारीचा मेल आयडी मात्र वापरू नका. तो तक्रारींसाठी आहे, तिथे बसलेला माणूस तुमचा मेल तक्रार समजून उघडेल आणि तक्रार नाही बघून बंद करेल. मी सरळ कारखान्यात फोन केला, "फोटोबद्दल साहेबांना एक मेल पाठवायचाय, कुठल्या आयडीवर पाठवू?" एवढंच विचारलं, अर्ध्या मिनिटात आयडी मिळाला. फोन उचलणाऱ्याला काही विकायला जाऊ नका, आयडी विचारा आणि थँक्यू म्हणून ठेवा.

हाक कशी मारायची यावरून आपल्याकडे बरंच ठरतं. साठीच्या मराठी कारखानदाराला "हाय" आणि नुसतं पहिलं नाव असं लिहिलं तर ते खटकतं, आणि "आदरणीय महोदय/महोदया" लिहिलं तर तुम्हाला तो पुरुष आहे की बाई हेही माहीत नाही हे उघड होतं. नमस्कार, आडनाव आणि साहेब किंवा मॅडम हे बरं. मालक गुजराती किंवा मारवाडी असेल तर नावापुढे जी लावलं की कोणालाच खटकत नाही. आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपासा. भाषेचं म्हणाल तर मुंबईत बहुतेक मेल इंग्रजीत जातात आणि माझेही जातात, पण या कारखान्याच्या साईटवर "आमच्याविषयी" हे पान मराठीत होतं, फोनवरही मराठीच बोलले, म्हणून मी मराठीत लिहिलं.

मेल

विषयाची ओळ आधी. मोबाईलवर तिचे सुरुवातीचे चार-पाच शब्दच नीट दिसतात, त्यामुळे खास शब्द पुढे यायला हवेत. "व्यवसाय प्रस्ताव" किंवा "सहकार्याची संधी" असं लिहिलं की मेल न उघडताच कळतं काय आहे ते. खोटं `Re:` लावून जुनं बोलणं चालू असल्यासारखं भासवणं तर करूच नका, उघडला जाईल पण उघडल्याक्षणी विश्वास गेलेला असेल. मी लिहिलं होतं:

> 7 वाट्यांचा मसाल्याचा डबा, साईजबद्दलचे 3 रिव्ह्यू

आणि आत हे:

> नमस्कार ____ साहेब,
>
> तुमचा 7 वाट्यांचा मसाल्याचा डबा आमच्या घरी दोन वर्षं रोज वापरात आहे, झाकण अजून घट्ट बसतं.
>
> अॅमेझॉनवर याच डब्याच्या रिव्ह्यूमध्ये तीन जणांनी लिहिलंय की फोटोवरून मोठा वाटला आणि छोटा निघाला. लिस्टिंगच्या पाचही फोटोंत शेजारी हात किंवा माप नाही, त्यामुळे अंदाज येत नसावा.
>
> मी मीरा रोडला किचनच्या वस्तूंचे फोटो काढते. आमच्या घरच्या डब्याचा मापासकट एक फोटो काढून बघितला, लिंक खाली देतेय. उपयोगाचा वाटला तर तसाच वापरा, त्याचे पैसे नकोत.
>
> साईजमुळे डबे परत येतात का, की ही तुमच्यासाठी किरकोळ गोष्ट आहे? एका ओळीत कळवलंत तरी चालेल.
>
> (माझं नाव, फोन नंबर, मीरा रोड)

एवढाच. मोबाईलवर एकदा अंगठा फिरवला की संपतो. आता यातली काही वाक्यं तशी का आहेत ते सांगते.

पहिलं वाक्य कौतुकाचं आहे पण ते खरं आहे आणि तपशिलाचं आहे. घट्ट झाकण ही त्या माणसाने कारखान्यात डोकं लावून साधलेली गोष्ट आहे, आणि ती आमच्या लक्षात आलीये हे त्याला कळतं. वस्तू वापरली नसेल तर हे वाक्य लिहू नका, सरळ दुसऱ्यापासून सुरू करा. खोटं कौतुक लपत नाही.

"अंदाज येत नसावा" यातला "नसावा" मी मुद्दाम ठेवला. मला आतलं काही माहीत नाही, कदाचित त्यांनी मधल्या काळात डब्याचा साईज बदलला असेल, कदाचित ते तीन रिव्ह्यू दुसऱ्याच मॉडेलचे असतील. "तुमचे फोटो चुकीचे असल्यामुळे तुमची विक्री घटतेय" असं लिहिलं असतं तर ते दोन प्रकारे चुकलं असतं, एक म्हणजे उद्धट आणि दुसरं म्हणजे मला ते माहीतच नाही. याच कारणाने "विक्री 30 टक्के वाढेल" वगैरे आकडे टाकू नका. धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं की हा आकडा आला कुठून, आणि तुम्हाला विचारलं तर सांगता येणार नाही.

माझी ओळख तिसऱ्या परिच्छेदात आणि फक्त एका ओळीची आहे. अनुभव किती वर्षांचा, क्लायंट कोण कोण, कॅमेरा कुठला, काही नाही. उत्तर आल्यावर तो विचारेल, तेव्हा सांगायला भरपूर जागा आहे.

फुकट फोटोबद्दल दोन शब्द. हे मी प्रत्येकाला करत नाही आणि तुम्हीही करू नका, इथे डबा आईच्या किचनमध्येच होता म्हणून तासाभरात झालं. टेप घेऊन मोजलं, व्यास 18 सेंटीमीटर, उंची 7, आतली वाटी साडेपाच, एका वाटीत साधारण 40 ग्रॅम हळद मावली. ती मापं फोटोवर रेघा ओढून लिहिली आणि शेजारी आईचा हात ठेवला, नेहमी वाटी उचलते तसा. मुख्य फोटोवर अॅमेझॉन असा मजकूर चालू देत नाही, पण पुढच्या फोटोंत चालतो, म्हणून हा दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी आहे हेही मी लिंकच्या खाली लिहिलं. वस्तू हाताशी नसेल तर फुकट काम करण्यापेक्षा आधी केलेल्या तशाच वस्तूचा एक फोटो दाखवा, एकच, पोर्टफोलिओचे चाळीस नकोत.

आणि शेवटचा प्रश्न. बहुतेक लोक इथे "15 मिनिटांचा कॉल ठरवूया का?" असं लिहितात. त्याच्या बाजूने बघा, कॉल म्हणजे वेळ काढायचा, अनोळखी माणसाशी बोलायचं आणि मग नाही म्हणायचं अवघडलेपण सोसायचं, त्यापेक्षा उत्तर न देणं सोपं. माझा प्रश्न त्याच्या धंद्याबद्दल आहे, त्याचं उत्तर त्याला बसल्या जागी माहीत आहे, आणि "किरकोळ आहे" असं म्हणायची वाट मीच मोकळी ठेवली आहे. नाही म्हणायची सोय दिली की लोक उत्तर देतात असा माझा अनुभव आहे, आणि "किरकोळ आहे" हे उत्तरही कामाचं असतं कारण मग मी पुढच्या कंपनीकडे वळते.

पोचण्याचं काय

मेल चांगला असून स्पॅममध्ये पडला तर सगळं वाया. दिवसाला चार-पाच मेल साध्या जीमेलवरून, एकेकाला वेगळा लिहून पाठवत असाल तर सहसा प्रॉब्लेम येत नाही. स्वतःचा डोमेन घेतला असेल, म्हणजे स्टुडिओच्या नावाचा आयडी, तर दोन सेटिंग तपासा, एसपीएफ आणि डीकेआयएम. सोप्या भाषेत, पहिलं सांगतं की या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी आहे, दुसरं म्हणजे मेलवरची सही, वाटेत मजकूर बदलला नाही याची. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं निदान एक असावं असा गुगलचा नियम आहे. मेल गुगल वर्कस्पेसवर असेल तर डोमेन जिथून घेतला तिथे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यादीत, ही एक टीएक्सटी ओळ लागते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

डीकेआयएमची किल्ली वर्कस्पेसच्या अॅडमिन पानावरून तयार करून डीएनएसमध्ये टाकावी लागते आणि नंतर परत येऊन ते चालू करावं लागतं, हे दुसरं पाऊल लोक विसरतात. झालं की नाही हे बघायला स्वतःच्याच दुसऱ्या जीमेलवर एक मेल पाठवा, तीन ठिपक्यांवर जाऊन `Show original` उघडा, वर `SPF` आणि `DKIM` समोर `PASS` दिसलं पाहिजे.

फाईल जोडू नका, लिंक द्या, तीही एकच. आणि ड्राईव्हची लिंक देत असाल तर पाठवायच्या आधी इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा, परवानगी `Anyone with the link` वर नसेल तर समोरच्याला परवानगी मागायचं पान दिसतं आणि तो मागत बसत नाही. सहीत मोठा लोगो, पाच सोशल मीडियाची चिन्हं हे सगळं काढा, नाव, नंबर आणि एरिया पुरे. मेल उघडला की नाही हे कळवणारे ट्रॅकर लावू नका, अॅपल मेलसारखी अॅप माणसाने न बघताच चित्रं आधी लोड करून ठेवतात त्यामुळे तो आकडा भरवशाचा राहिलेला नाही.

वेळेचंही थोडं. छोट्या धंद्यात जीएसटीचं रिटर्न दर महिना भरणाऱ्यांची 11 तारीख आणि 20 तारीख असते, त्याच्या आदल्या दोन दिवसांत मालक आणि अकाउंटंट दोघंही त्यातच असतात. गणपतीच्या आठवड्यात मुंबईत कोणी नवीन काम ठरवत नाही. भांड्यांच्या धंद्यात दिवाळी आणि धनत्रयोदशीचा माल आधीपासून बनतो, त्यामुळे फोटोचं बोलणं ऑक्टोबरमध्ये काढून उपयोग नसतो, मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलं होतं. तुमच्या क्लायंटच्या धंद्याचा सीझन कधी हे विचारून घ्या आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी लिहा.

उत्तर नाही आलं तर

पहिल्या मेलला उत्तर आलं नाही. मी सहा दिवस कामाचे जाऊ दिले आणि त्याच मेलच्या खाली, म्हणजे नवीन मेल न काढता, दुसरा लिहिला. "माझा मेल बघितलात का", "आठवण करून देतेय" असं काही नाही, कारण त्यात समोरच्याला नवीन काही मिळत नाही, फक्त उत्तर दिलं नाही याची बोच मिळते. दुसऱ्या मेलला स्वतःचं काहीतरी घेऊन जायला हवं. माझा असा होता:

> ____ साहेब, मागच्या मेलनंतर तुमच्या पोळीच्या डब्याची लिस्टिंग बघितली. तिथे प्रश्नांमध्ये दोघांनी "किती पोळ्या मावतात" हे विचारलंय आणि उत्तर मिळालेलं नाही. तेवढं उत्तर तुम्हीच लिहिलंत तरी त्यांचं काम होईल, त्याला फोटोची गरज नाही.

यात मी काहीच विकत नाहीये, उलट माझी गरज नाही असंच लिहिलंय. हे मी डाव म्हणून लिहिलं नाही, खरंच त्या प्रश्नाला फोटो लागत नव्हता. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं की ही बाई आपली लिस्टिंग वाचतेय आणि जिथे काम नाही तिथे नाही म्हणतेय.

त्यालाही उत्तर आलं नाही तर साधारण दोन आठवड्यांनी मी एक शेवटची ओळ लिहिते, "आता पुन्हा लिहून त्रास देत नाही, फोटोची लिंक चालूच ठेवलीय, कधी लागली तर वापरा", आणि खरंच थांबते. तीनच्या पुढे जायचं नाही. कोणी "नको" लिहिलं तर आभार मानून त्याच दिवशी यादीत खूण करायची म्हणजे चुकून सहा महिन्यांनी परत जात नाही. आणि मेलला उत्तर नाही म्हणून त्यांच्या व्हॉट्सअॅपवर घुसू नका, फोन नंबर वेबसाईटवर असला तरी. आपल्याकडे हे फार चालतं आणि त्यानेच माणूस सगळ्यात जास्त वैतागतो.

कुठे बिघडतंय हे ओळखायला वीस-पंचवीस मेलनंतर एकदा बसून बघा. बरेच मेल परत येत असतील तर आयडी चुकीचे आहेत, यादी विकत घेतलेली असेल तर ती फेका. परत येत नाहीत पण एकही उत्तर नाही, अगदी "नको" सुद्धा नाही, तर आधी `Show original` तपासा आणि ते ठीक असेल तर तुमचं ते खास वाक्य पुरेसं खास नाहीये, मेलमधलं कंपनीचं नाव झाकून वाचा आणि दुसऱ्या कंपनीला चालतंय का बघा. "नको, आमच्याकडे माणूस आहे" अशी उत्तरं येत असतील तर मेल ठीक आहे, कंपन्या चुकीच्या निवडताय, तुमच्या कामाच्या मानाने त्या मोठ्या आहेत बहुतेक.

आणि उत्तर आलं तर

भाईंदरहून दुसऱ्या मेलनंतर तीन दिवसांनी रात्री नऊच्या सुमारास उत्तर आलं. दोन ओळी: परत येतात, पण साईजपेक्षा झाकणावर ओरखडे असतात म्हणून जास्त येतात. रेट पाठवा.

"रेट पाठवा" हे मुंबईतलं सगळ्यात कॉमन उत्तर आहे आणि नवीन माणूस यावर लगेच पूर्ण रेटकार्ड पाठवतो, मग तिकडून शांतता. कारण त्याला तुमचं काम किती लागणार हे ठरलेलंच नसतं, तो रेट कशाशी तोलणार. पण रेट लपवून "आधी भेटूया" म्हणणंही चुकीचं, त्याने सरळ विचारलंय तर सरळ सांगायचं. मी एका वस्तूचा दर लिहिला, त्यात किती फोटो येतात ते लिहिलं, आणि त्याने जे सांगितलं त्याला धरून पुढे लिहिलं की ओरखड्यांचा प्रश्न फोटोने सुटणार नाही, तो पॅकिंगचा आहे, झाकण आणि डबा यांच्यामध्ये पातळ फोमचा कागद घालतात का? साईजचा भाग मी करू शकते, आणि सुरुवात करायची तर सगळ्या मालाची नको, सगळ्यात जास्त परत येणाऱ्या तीन वस्तूंची करू, त्या कुठल्या ते तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नावं आली, आणि खाली लिहिलं होतं की फोम घालतो पण पॅकिंगवाली मुलं घाईत विसरतात. शनिवारी तीन डबे घेऊन त्यांचा माणूस लोकलने मीरा रोडला आला.